ईआरपीतला साठा आणि रॅकवरचा माल

ईआरपीच्या पडद्यावर दिसणारा साठा म्हणजे आजवरच्या नोंदींची बेरीज-वजाबाकी. मागच्या शिलकेत आवक मिळवायची, जावक वजा करायची, परत आलेला माल पुन्हा मिळवायचा आणि जो आकडा उरेल त्याला साठा म्हणायचे. या हिशेबाने प्रत्यक्ष माल कधी पाहिलेला नसतो. त्यामुळे मोजणीच्या दिवशी रॅकवर वेगळे काही निघाले तर शक्यता तीनच उरतात. एखादी हालचाल झाली पण तिची नोंद झाली नाही, नोंद झाली पण चुकीची झाली, किंवा नोंदी ठीक आहेत आणि मोजणीच चुकली. चोरी पहिल्या प्रकारात येते. कारखान्यात तिचा संशय सगळ्यांत आधी घेतला जातो, शोधाअंती मात्र ती क्वचितच सापडते.

फरक निघाला की तो ‘अ‍ॅडजस्ट’ करून टाकण्याचा मोह मोठा असतो. मार्चअखेर असते, ऑडिटर दारात असतात, आणि ईआरपीत त्यासाठी सोय दिलेलीच असते. मोजलेला आकडा भरला की पुस्तकी साठा त्याच्याशी जुळतो. पण ही नोंद शेवटी करायची असते. ती आधी केली तर काय होते हे एका उदाहरणातून नीट कळते.

भोसरी-चाकणच्या बाजूला असतात तसा पिना बनवणारा एक छोटा मशीनिंगचा कारखाना समजू. त्याचा मुख्य कच्चा माल २० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी गोल बार आणि प्रत्येक बार ६ मीटर लांब. गोल बारचे वजन काढण्याचा सूत्रपाठ स्टोअरमधल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले की एका मीटरचे किलो मिळतात. २० चा वर्ग ४००, भागिले १६२, म्हणजे सुमारे २.४७ किलो. सहा मीटरच्या अख्ख्या बारचे वजन झाले साधारण १४.८ किलो. खरेदी वजनावर होते, म्हणून ईआरपीत या मालाचे मूळ एकक किलो आहे. स्टोअरमधून बार देताना मात्र कोणी वजन करत नाही, नग मोजूनच दिले जातात. आयटम मास्टरमध्ये ‘१ नग = १४.८ किलो’ असे रूपांतर भरून ठेवले आहे.

३१ मार्चच्या मोजणीत २६० बार निघाले, म्हणजे ३,८४८ किलो. ईआरपी दाखवत होते २,९०५ किलो. पुस्तकापेक्षा ९४३ किलो माल जास्त निघाला. तूट नाही, उलट जास्तीच आहे म्हटल्यावर बहुतेक ठिकाणी सुटकेचा नि:श्वास सोडला जातो. खरे तर लोखंड आपोआप वाढत नाही, त्यामुळे तुटीपेक्षा जास्तीची चौकशी अधिक निकडीची असते. मालाच्या जास्तीचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे आलेला पण पुस्तकात न चढलेला माल.

माल गेटवर येतो तेव्हा तीन-चार ठिकाणी त्याची खूण उमटते. वॉचमन आवक रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर आणि चलन नंबर लिहितो. वजनकाट्याची पावती निघते. स्टोअरकीपर चलनावर सही-शिक्का देतो. मग कधीतरी ईआरपीत जीआरएन, म्हणजे माल पोचल्याची नोंद होते. ‘कधीतरी’ या शब्दातच घोटाळा असतो. परचेस ऑर्डरमधले प्रमाण संपलेले असते, दर जुळत नाही किंवा मिलचे टेस्ट सर्टिफिकेट मागून येणार असते, म्हणून जीआरएन अडून राहतो. काही वेळा तो केल्यासारखा वाटतो, पण झालेला नसतो. सॅपमध्ये MIGO या पडद्यावर Hold दाबले की भरलेली माहिती जपून राहते, साठा मात्र हलत नाही. ईआरपीनेक्स्ट या मुंबईत तयार झालेल्या सॉफ्टवेअरमध्ये आवकेचा कागद Save केला तरी तो Draft अवस्थेत असतो आणि Submit केल्याशिवाय साठ्यात एका किलोचीही भर पडत नाही. भरणाऱ्याच्या लेखी काम संपलेले असते. ईआरपीच्या लेखी ते सुरूच झालेले नसते.

अशा नोंदी शोधायला ईआरपी उपयोगी पडत नाही, कारण तिथे त्या नाहीतच. बाहेरचा कागद हाती घ्यावा लागतो. गेटचे आवक रजिस्टर आणि जीआरएनची यादी शेजारी ठेवून मोजणीच्या आधीचे निदान पंधरा दिवस ओळीने ताडायचे. दुसरा ताळा जीएसटीच्या पोर्टलवर मिळतो. पुरवठादाराने भरलेली बिले खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी या विवरणात दिसतात. बिल तिथे आहे पण त्याचा जीआरएन नाही, असा प्रत्येक व्यवहार तपासण्याजोगा असतो. तिसरी खूण ईआरपीतच असते. मालाचा साठा मध्येच उणे झालेला दिसला, तर आवक चढण्याआधीच जावक चढली हे उघड आहे. काही कारखान्यांत उत्पादन अडू नये म्हणून उणे साठ्याला परवानगी दिलेली असते आणि मग हे दुखणे महिनोन् महिने झाकले जाते.

या कारखान्यात रजिस्टर ताडल्यावर २९ मार्चची एक गाडी सापडली. १०० बार, काट्यावर १,४८६ किलो. टेस्ट सर्टिफिकेट आले नाही म्हणून जीआरएन थांबवला होता. बार मात्र रॅकवर चढवले गेले आणि मोजणीतही आले. खरे तर सर्टिफिकेटसाठी जीआरएन थांबवायची गरज नव्हती. ईआरपीत साठ्याचे वेगवेगळे कप्पे असतात. वापरायला मोकळा माल, तपासणीतला माल, अडवून ठेवलेला माल. आलेला माल त्याच दिवशी ‘तपासणीत’ घ्यायचा आणि कागद आल्यावर मोकळा करायचा, ही सरळ रीत. मेळ घालणाऱ्यानेही एक खबरदारी घ्यावी लागते. पुस्तकी आकडा पाहताना तिन्ही कप्पे पाहायचे. फक्त मोकळा साठा पाहून तुलना केली, तर मुळात नसलेला फरक दिसू लागतो.

२९ मार्चच्याच तारखेने हा जीआरएन चढवल्यावर पुस्तकी साठा ४,३९१ किलो झाला. रॅकवर ३,८४८ किलोच आहेत. ९४३ किलोंची जास्ती गेली आणि तिच्या जागी ५४३ किलोंची तूट उघडी पडली. एका मोठ्या चुकीने दुसऱ्या चुका झाकून ठेवल्या होत्या. निव्वळ फरक लहान दिसला म्हणून गडबडही लहानच असेल, असे म्हणूनच धरता येत नाही.

सुरुवातीलाच ९४३ किलोंची जास्ती अ‍ॅडजस्ट केली असती तर? पुस्तक ३,८४८ वर आले असते आणि सगळे खूश झाले असते. पण पुरवठादाराचे बिल अजून यायचे होते. परचेस ऑर्डर, जीआरएन आणि बिल या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय अकाउंट्स पैसे सोडत नाही. म्हणजे एप्रिलमध्ये पैशांसाठी फोन आला की कोणीतरी तो अडलेला जीआरएन चढवणारच. सॅपसारख्या प्रणालीत मोजणीचा फरक स्वतंत्र हालचाल म्हणून चढतो, त्यामुळे नंतरचा जीआरएन त्यात भर घालतो. पुस्तक ५,३३४ वर जाते. पुढच्या मोजणीत १,४८६ किलोंची तूट निघते. किलोला ६० रुपये धरले तर सुमारे ८९ हजारांचा माल गायब. संशय स्टोअरकीपरवर येतो आणि कारण सापडणे जवळजवळ अशक्य होते, कारण ते मागच्या वर्षाच्या अ‍ॅडजस्टमेंटमध्ये पुरलेले असते.

उरलेल्या ५४३ किलोंच्या शोधात आता आतल्या नोंदी पाहायच्या. सॅपमध्ये MB51 हा पडदा एखाद्या मालाच्या सगळ्या हालचाली तारखेने दाखवतो. माल किती, कोणत्या एककात, कोणत्या ऑर्डरसाठी आणि कोणी नोंदवला हे सगळे त्यात असते. ही यादी वाचायलाही एक नजर लागते. नुसती बेरीज तपासून काही हाती लागत नाही, कारण ती यंत्राने केलेली असते आणि बरोबरच असते. नेहमीच्या घडणीत न बसणारी ओळ शोधायची असते. या कारखान्यात रोज तीनशे ते साडेचारशे किलोंची जावक होते. मधेच एका ओळीत ३० किलो दिसले. त्या दिवसाच्या इश्यू स्लिपवर लिहिले होते, ‘२० एमएम राउंड बार – ३०’. पुढे नग, किलो, काहीच नाही. स्लिप लिहिणाऱ्याच्या मनात बार होते. भरणाऱ्याच्या पडद्यावर एककाच्या रकान्यात आधीपासून किलो आलेले होते, आणि त्याने फक्त आकडा भरला.

संशय पक्का करायला उत्पादनाची नोंद कामी येते. एक पिन १०० मिलिमीटरची आणि करवतीचे पाते साधारण ३ मिलिमीटर खाते. म्हणजे ६ मीटरच्या बारमधून ५८ पिना निघतात. त्या दिवशी मशीनवर १,७४० पिना झाल्याची नोंद आहे. १,७४० भागिले ५८ म्हणजे बरोबर ३० बार. ३० किलोंत जेमतेम दोन बार बसतात आणि त्यांतून सव्वाशे पिनासुद्धा निघत नाहीत. आता शंकेला जागा उरली नाही. खरी जावक ४४४ किलोंची होती, पुस्तकातून गेले ३०. चुकीची नोंद उलटवून ४४४ ची नवी नोंद केली की पुस्तक ४१४ किलोंनी उतरून ३,९७७ वर येते. जुनी नोंद तशीच ठेवून वर ४१४ ची आणखी एक जावक टाकणारेही असतात. बेरीज तीच येते, पण पुढे त्या ऑर्डरचा खर्च तपासणाऱ्याला दोन अर्धवट नोंदी सापडतात आणि तो नव्याने गोंधळतो.

एककाच्या चुका अनेक रूपांत येतात, मात्र त्यांची एक सवय ओळखीची असते. फरक किंवा गुणोत्तर एखाद्या ठरावीक आकड्याभोवती घुटमळते. टन आणि किलोत गल्लत झाली की हजारपट, डझन आणि नगात बारापट, ग्रोस आणि नगात १४४ पट. बोल्ट शेकड्याच्या डब्यात येत असतील तर शंभरपट. इथे एका बारमागे पुस्तकात १४.८ च्या जागी १ किलो गेला, म्हणजे दर बारला १३.८ चा फरक. ४१४ ला १३.८ ने भागले की नेमके ३० येतात. असा भाग नि:शेष गेला तर एककाकडे बोट दाखवायला हरकत नाही. अर्थात सगळे फरक एकत्र मिसळलेले असताना हे गणित चालत नाही. ५४३ ला १३.८ ने भागून काहीच हाती लागले नसते. म्हणूनच आवकेचा गुंता आधी सोडवायचा.

याहून चिवट चूक आयटम मास्टरमधल्या रूपांतरात असते. पुरवठादार साडेपाच मीटरचे बार पाठवू लागला आणि मास्टरमध्ये १४.८ तसेच राहिले, तर प्रत्येक स्लिप बरोबर लिहिलेली असूनही दर बारला सव्वा किलोभर जास्त जावक पडत राहते. यात एकही ओळ विचित्र दिसत नाही. फरक रोज थोडा थोडा, एकाच दिशेने वाढतो. तशी लक्षणे दिसली की दहा बार काट्यावर ठेवून सरासरी काढावी. कागद चाळून हे कळणार नाही. रूपांतर दुरुस्त केले तरी झालेल्या जुन्या नोंदी आपोआप सुधारत नाहीत, त्या काळातला फरक वेगळा काढावा लागतो.

आता पुस्तक ३,९७७ आणि रॅक ३,८४८. उरले १२९ किलो. यातले ५ बार, म्हणजे ७४ किलो, हार्डनिंगसाठी बाहेर जॉबवर्कवाल्याकडे गेलेले निघाले. चलन बनवले होते, पण चलनबुकात हाताने. ईआरपीत ते अजून कारखान्याच्याच स्टोअरमध्ये होते. हा माल ना हरवलेला आहे, ना खर्ची पडलेला. मालकी कारखान्याचीच, जागा फक्त बदलली. म्हणून नोंदही तशीच करायची आणि तो जॉबवर्कवाल्याच्या नावावरच्या साठ्यात टाकायचा. इथे आळस केला तर आणखी एक अडचण येते. जीएसटी कायद्याप्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यावा किंवा तिथूनच पुढे विकला जावा लागतो. पुस्तकात तो बाहेर गेलाच नसेल तर वर्षाची मोजणी कुठून करणार?

पुस्तक ३,९०३ वर आले. फरक ५५ किलो. आता पुस्तकाला सोडून मोजणीकडे वळावे लागते. मोजणीची यादी नगात छापली होती, त्यामुळे मोजणाऱ्यांनी अख्खे बार मोजले. करवतीवरून स्टोअरला परत आलेले, अर्धे-मुर्धे कापलेले तुकडे दारामागच्या वेगळ्या रॅकवर होते. परतीची नोंद ईआरपीत वेळेवर झालेली होती, म्हणजे पुस्तकात ते होतेच. वजन केल्यावर ४१ किलो भरले. इथे पुस्तकाला हात लावायचा नाही, मोजणीचा आकडाच ३,८८९ करायचा. पुनर्मोजणी वेगळ्या माणसांकडून आणि पुस्तकी आकडा न दाखवता करून घेण्याची पद्धत आहे ती यासाठीच. अपेक्षित आकडा ठाऊक असला की तो येईपर्यंत मोजले जाते, आणि आला की मोजणी थांबते.

मोजणीत आणखी दोन ठिकाणी हमखास फसगत होते. एक म्हणजे कोरा रकाना. सॅपमध्ये MI04 वर मोजणी भरताना एखाद्या मालाचा रकाना रिकामा सोडला तर त्याचा अर्थ ‘मोजला नाही’ असा होतो. माल खरोखरच शून्य असेल तर शून्य मोजणीची वेगळी खूण करावी लागते. ती राहिली की संपलेला माल पुस्तकात तसाच जिवंत राहतो. दुसरे ठिकाण म्हणजे वेळेची रेघ. मोजणी चालू असताना गाड्या उतरत असतील आणि स्लिपा फाटत असतील, तर कोणता आकडा कोणत्या क्षणाचा हेच कळत नाही. त्यासाठी मोजणीपुरती मालाची हालचाल बंद ठेवतात, किंवा त्या क्षणीचा पुस्तकी साठा गोठवून ठेवतात. मोजणी उशिरा झाली तर उलट गणित करावे लागते. २ एप्रिलला मोजलेल्या मालात मधल्या काळात दिलेला माल मिळवायचा आणि आलेला वजा करायचा, म्हणजे ३१ मार्चचा साठा मिळतो. हे करताना प्रत्येक नोंदीची पोस्टिंग तारीख आणि ती प्रत्यक्ष भरल्याची तारीख दोन्ही पाहाव्यात. ३ एप्रिलला भरलेली पण ३० मार्चची तारीख टाकलेली नोंद नेमकी या रेघेवरून निसटते.

शेवटी पुस्तक ३,९०३, प्रत्यक्ष ३,८८९. १४ किलो कमी, म्हणजे सुमारे ०.३६ टक्के. याचे कारण एखाद्या नोंदीत शोधण्यात अर्थ नाही, कारण ते पद्धतीतच आहे. आवक काट्याच्या वजनाने चढते, जावक आणि मोजणी १४.८ च्या ठोकळ्याने होते. त्या शेवटच्या गाडीतच १०० बारांचे हिशेबी वजन १,४८० होते आणि काट्यावर १,४८६ भरले. रोलिंग मिलमधून येणाऱ्या बारच्या व्यासात मान्य मर्यादेतला थोडा कमी-जास्तपणा असतोच. असे सहा-सहा किलो साठत जातात. आवक आणि जावक दोन्ही वजनावर केल्याशिवाय हा फरक संपणार नाही, आणि प्रत्येक बार तोलायला लागणारी मजुरी त्या १४ किलोंपेक्षा महाग पडेल. म्हणून अशा मालासाठी आधीच एक सहनमर्यादा ठरवून ठेवतात. ती मालाच्या किमतीवर अवलंबून असते. लोखंडी बारला अर्धा टक्का चालेल, कार्बाइडच्या इन्सर्टला एक नगही चालणार नाही.

अ‍ॅडजस्टमेंटची नोंद करायची ती फक्त या १४ किलोंची. ९४३ च्या जागी १४, आणि रुपयांत ८४०. सॅपमध्ये ती MI07 वर चढते आणि रक्कम साठा-फरकाच्या खात्यात जाते. नोंद करणारा आणि मंजुरी देणारा वेगळा असावा, आणि दोघांपैकी कोणीही स्टोअर सांभाळणारा नसावा. नोंदीसोबत कारण लिहिलेले असावे. ‘मोजणी फरक’ हे कारण नव्हे, ‘काटा वजन व हिशेबी वजन यांतील तफावत’ हे कारण झाले. तूट खर्ची टाकण्याला कराचीही बाजू आहे. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा पुस्तकातून काढून टाकलेल्या मालावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार मिळत नाही. त्यामुळे न शोधलेली तूट निर्लेखित केली की मालाच्या किमतीवर करही अंगावर येतो.

ऑडिटरचे लक्ष याहून ढोबळ मर्यादेवर असते. ज्या कंपन्यांना कारो २०२० हा आदेश लागू आहे, त्यांच्या ऑडिटरला साठ्याच्या एखाद्या वर्गात एकूण १० टक्के किंवा जास्त तफावत आढळली का, आणि ती पुस्तकात नीट हाताळली गेली का, हे अहवालात सांगावे लागते. या कारखान्यातल्या गोल बारची पहिली तफावत पुस्तकी साठ्याच्या तब्बल ३२ टक्के होती. शोधाअंती ती अर्ध्या टक्क्याच्याही आत आली. त्यासाठी लागले ते गेटचे रजिस्टर, एक स्लिप, चलनबुक आणि दारामागच्या रॅकवर ठेवलेला काटा.